घरातली एक खोली भाड्याने देताना: किल्ली सगळ्यात शेवटी

पुण्यात रिकामी बेडरूम भाड्याने देणाऱ्या बहुतेकांची चूक एकच असते. मुलगा किंवा मुलगी बघायला येते, बोलणं पटतं, ती ॲडव्हान्स देते आणि लगेच "काकू, रविवारी सामान आणलं तर चालेल ना?" असं विचारते. आपण हो म्हणतो. करार पुढच्या आठवड्यात, पोलिसांचा फॉर्म त्यानंतर, सोसायटीला जमेल तेव्हा, आणि कराचा विचार थेट जुलैत. माणूस एकदा घरात राहायला आला की कागदाची घाई कुणालाच उरत नाही.

म्हणून हा क्रम लिहिते आहे. मालक स्वतः त्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि एकच खोली देतात, एवढाच प्रकार मी इथे घेतला आहे. उदाहरण माझ्या मावशीचं आहे. कर्वेनगरला तिचा टू बीएचके आहे, एक बेडरूम रिकामी, तिला जोडून बाथरूम. मावशी निवृत्त आहे आणि एकटी राहते. तिची कागदपत्रं मी दोन वर्षं हाताळली आहेत.

१. आधी खोली मोजा

टेप घ्या आणि भाड्याने द्यायच्या भागाचं क्षेत्रफळ काढा. मावशीचा फ्लॅट ८५० चौरस फूट कार्पेट, आणि खोली बाथरूमसह १७० चौरस फूट, म्हणजे २० टक्के. हा आकडा वहीत लिहून ठेवा. करारात तो लागतो, आणि आयकराच्या हिशोबातही लागतो.

मग दोन याद्या करा. एक, फक्त भाडेकरूच्या वापराचं काय: खोली, बाथरूम, कपाट, गादी, पंखा, गीझर. दुसरी, दोघांच्या वापराचं काय: स्वयंपाकघर, फ्रीजचा एक कप्पा, वॉशिंग मशीन, बाल्कनी, दुचाकीची जागा. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. कपाटाच्या दाराला आधीचा ओरखडा असेल तर तो दिसेल असा जवळून काढा, कारण डिपॉझिट परत करताना वाद होतो तो याच ओरखड्यावरून.

स्वयंपाकघराच्या वेळा, पाहुणे, रात्री परतण्याची वेळ आणि मांसाहार या चार गोष्टींवर तुमचं नक्की काय म्हणणं आहे ते भाडेकरू बघायला येण्याआधीच ठरवा. नंतर सांगितलेली अट अपमानासारखी वाटते, आणि बहुतेक भांडणांची सुरुवात तिथून होते.

२. घर नक्की कुणाच्या नावावर आहे ते पाहा

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर करारावर दोघांची सही हवी. भाड्याचं उत्पन्नही ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे विभागलं जातं. "भाडं आईच्या खात्यात घेऊ, तिला कर लागत नाही" हा सल्ला घराघरात मिळतो, पण आई मालक नसेल तर उत्पन्न मालकाचंच धरलं जातं, पैसे कुणाच्याही खात्यात जमा होवोत.

घरावर कर्ज चालू असेल तर कर्जाच्या करारातलं भाड्याबद्दलचं कलम वाचा. भाड्याने देण्याआधी बँकेची लेखी संमती घ्यावी, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

सोसायटीसाठी सध्या फक्त चौकशी करा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट किंवा त्याचा भाग लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवान्यावर, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, पण ताबा देण्याच्या आठ दिवस आधी कळवावं लागतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते सेक्रेटरींकडून पाहून घ्या.

तपासा: हे आठ दिवस मागे मोजून भाडेकरूची येण्याची तारीख ठरवा. १ जूनला यायचं असेल तर करार २२ मेपर्यंत नोंदलेला असावा.

३. भाडं, डिपॉझिट आणि विजेचं सूत्र

भाडं ठरवण्यासाठी तुमच्याच रस्त्यावरच्या तीन-चार घरांत विचारा. मावशीने महिना ९,५०० रुपये आणि डिपॉझिट ३०,००० ठरवलं.

डिपॉझिट रोख घेऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. परत देतानाही हाच नियम लागतो. बँकेतून घ्या, बँकेतूनच परत द्या.

विजेवर मात्र थोडं थांबूया, कारण इथे मालकाचं दरमहा नुकसान होतं आणि ते लक्षातही येत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांपेक्षा पुढच्या युनिटांचा दर बराच जास्त असतो. मावशी एकटी ९० युनिट वापरायची, म्हणजे खालच्याच टप्प्यात. भाडेकरू मुलीचे ६० युनिट आले की मीटर १५० वर जातो आणि त्यातले ५० युनिट वरच्या दराने लागतात. पहिल्या महिन्यात मावशीने "आधी जे बिल यायचं ते माझं, वरचं तुझं" असं सांगितलं. ते त्या मुलीवर अन्यायाचं होतं, कारण सगळा महाग टप्पा तिच्याच अंगावर पडत होता. दुसऱ्या महिन्यात मावशीने बिल निम्मंनिम्मं केलं, तेव्हा मावशी स्वतः वापरापेक्षा कमी भरू लागली आणि मुलगी जास्त.

उपाय साधा आहे. खोलीच्या वायरिंगवर लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून एक सबमीटर बसवून घ्या. दर महिन्याला महावितरणच्या बिलाची रक्कम एकूण युनिटांनी भागा आणि येणाऱ्या सरासरी दराने सबमीटरचे युनिट गुणा. बिल १,५०० आणि युनिट १५० असतील तर दर १० रुपये, आणि खोलीच्या ६० युनिटांचे ६०० रुपये. रीडिंगचा फोटो दोघींच्या फोनमध्ये राहू द्या. हेच सूत्र करारात शब्दांत लिहा.

सावधान: सबमीटर फक्त आपापसातल्या हिशोबासाठी आहे. खर्चापेक्षा जास्त दर लावून विजेवर नफा काढू नका.

४. माणूस पाहा, कागद पाहा

आधार आणि पॅन मूळ पाहा, फक्त फोनवर आलेला फोटो पुरत नाही. विद्यार्थी असेल तर कॉलेजचं ओळखपत्र आणि पालकांशी फोनवर बोलणं. नोकरी असेल तर ऑफिसचं पत्र. आधीचे घरमालक कोण होते ते विचारा आणि त्यांना स्वतः फोन करा. "भाडं वेळेवर होतं का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. "सोडताना काय झालं?" हा प्रश्न विचारा, तिथे खरं उत्तर मिळतं.

५. करार: या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिला गैरसमज असा की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की झालं. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माझ्या मते त्याहून जड गोष्ट त्याच कलमात पुढे आहे: नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, खोटं ठरवायचं काम तुमचं.

दुसरा गैरसमज जरा वेगळा आहे आणि तो अर्धवट माहितीतून येतो. याच कायद्यात "पेइंग गेस्ट"ची व्याख्या आहे: मालक स्वतः राहतो त्या घराचा भाग ज्याला परवान्यावर दिला आहे आणि जो कुटुंबातला नाही, अशी व्यक्ती. लायसेन्सीच्या, म्हणजे परवान्यावर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलेलं आहे. त्यावरून "आमच्याकडे तर पीजी आहे, करार कशाला?" असं म्हणणारे बरेच भेटतात. मी तसं करू देत नाही. वेगळं कुलूप, वेगळं बाथरूम, दोन-तीन वर्षांचं राहणं, एवढं जमलं की ही व्यक्ती पेइंग गेस्ट की आणखी कोण, यावरच वाद सुरू होतो. त्या वेळी तारीख, रक्कम आणि मुदत सांगणारा नोंदलेला कागद हातात असावा. करार करा, तो नोंदवा, आणि मालक त्याच घरात राहतात हे त्यात स्पष्ट लिहा.

आता खर्च. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. मावशीचं अकरा महिन्यांचं भाडं १,०४,५०० आणि ३०,००० वरचं वर्षाचं व्याज ३,०००, बेरीज १,०७,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २६९ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हाताळणी शुल्क आणि एजंटचा मेहनताना वेगळा. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमधून घरी बसून हे होतं: माहिती भरायची, चलन भरायचं, दोन्ही बाजूंनी आधारवर बोटाचा ठसा द्यायचा. वयस्कर माणसांचे ठसे कधी कधी उमटत नाहीत. मावशीचा अंगठा चार वेळा नाकारला गेला, शेवटी तिने हात कोमट पाण्याने धुऊन पुसला आणि अनामिकेचा ठसा लागला. त्यामुळे एजंटला घाईच्या दिवशी बोलावू नका.

आणि आता ती एक ओळ, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. करारात मालमत्तेचं वर्णन असतं. एजंटच्या संगणकात तयार मसुदा असतो, त्यात "फ्लॅट क्रमांक अमुक, क्षेत्रफळ ८५० चौरस फूट" असं भरलेलं असतं. मावशीच्या पहिल्या करारात हेच झालं. तिने सगळा फ्लॅट भाड्याने दिला आहे असं कागदावर आलं. महिन्याभरात सोसायटीच्या बिलात बिनभोगवटा शुल्क लागलं, कारण करार पाहून सेक्रेटरींना वाटलं की मावशी तिथे राहत नाही. ते शुल्क मालक राहत नसलेल्या फ्लॅटसाठी असतं, आणि शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. मावशी तर रोज सकाळी त्याच सोसायटीच्या आवारात फिरायला जाते. अर्ज केल्यावर शुल्क मागे घेतलं, पण त्यात दोन महिने गेले.

तीच ओळ महापालिकेच्या मिळकतकरातही त्रास देऊ शकते. पुण्यात स्वतः राहण्यासाठी वापरलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते आणि त्यासाठी पीटी-३ अर्जात आपण स्ववापराचं लिहून देतो. सगळा फ्लॅट भाड्याने दिल्याचा नोंदलेला करार आणि स्ववापराचा अर्ज, हे दोन्ही एकत्र टिकत नाहीत. एक खोली दिली असेल तर सवलतीचं काय, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तराची प्रत जपा. पीटी-३ वर सही करताना खोली दिल्याचं लपवू नका.

म्हणून वर्णनात असं लिहून घ्या: "फ्लॅटमधील पूर्वेकडील एक बेडरूम, जोडलेल्या बाथरूमसह, क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस फूट, स्वयंपाकघर, दिवाणखाना व प्रवेशमार्ग यांचा मालकासोबत सामाईक वापर, उरलेल्या भागात मालक स्वतः राहतात." सोबत पहिल्या टप्प्यातली वस्तूंची यादी जोडा.

तपासा, ठसा देण्याआधी:
- वर्णनात खोली आहे, फ्लॅट नाही.
- मुदतीची सुरुवात किल्ली देण्याच्या दिवशीच आहे.
- नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंना सारखी.
- विजेचं सूत्र आणि डिपॉझिट परत करण्याचे दिवस लिहिले आहेत.

६. पोलिसांना माहिती, सोसायटीला प्रत

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याबद्दल पोलीस आयुक्तांचे आदेश निघतात, आणि ते मोडल्यास गुन्हा मालकावर नोंदवला जातो. हे काम एजंटवर सोडलं असेल तर पोचपावती मागून घ्या. "केलंय मॅडम" हे उत्तर पुरेसं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत, हे अर्ज भरताना पाहा. वाकडच्या घराची माहिती पुण्याच्या अर्जात भरून उपयोग नाही.

पोचपावती आली की ती आणि कराराची प्रत सोसायटीला द्या. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.

७. आता किल्ली

करार नोंदला, डिपॉझिट खात्यात जमा झालं, पोचपावती हातात आली, सोसायटीचे आठ दिवस झाले. मावशीने शेवटी मुलीला खोलीच्या मधोमध उभं करून यादी वाचून दाखवली. कपाट उघडून, गीझर चालू करून, नळ सोडून. मुलगी म्हणाली, "आजी, आमच्या हॉस्टेलला तर असं कुणी केलं नव्हतं." सबमीटरचं पहिलं रीडिंग त्याच कागदावर लिहिलं आणि दोघींनी सही केली. बाहेरच्या दाराची किल्ली दिली, खोलीच्या कुलपाची एक किल्ली मावशीने आणीबाणीसाठी स्वतःकडे ठेवली आणि तसं मुलीला आधीच सांगितलं होतं. न विचारता त्या खोलीत जायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

८. आयकर

खोलीचं भाडं "घरापासूनचं उत्पन्न" या सदराखाली येतं. काही जण ते व्यवसाय म्हणून दाखवतात आणि रंगकाम, वायफाय, मोलकरीण असे खर्च वजा करतात. २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पाने हे स्पष्टपणे बंद केलं: राहतं घर किंवा त्याचा भाग मालकाने भाड्याने दिला तर ते उत्पन्न घराच्याच सदरात. खर्चाच्या पावत्या जमवायची गरज नाही, कारण त्याऐवजी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंग दिला असो वा नसो.

मावशीचा हिशोब असा. बारा महिने भाडं मिळालं, १,१४,०००. वर्षाचा मिळकतकर तिने १५,००० भरला होता. खोलीच्या वाट्याला २० टक्के, म्हणजे ३,०००. तो वजा जाऊन १,११,००० राहिले. त्याचे ३० टक्के ३३,३०० वजा केले. करपात्र उरले ७७,७००. बाकीच्या ८० टक्के घरात ती स्वतः राहते, त्या भागाचं उत्पन्न शून्य धरलं जातं. मिळकतकर त्या वर्षात खरोखर भरलेला असेल तरच वजा होतो. थकवलेला चालत नाही.

चुका तीन होतात. पहिली, परत करायचं डिपॉझिट उत्पन्नात धरणं. ते उत्पन्न नाही. दुसरी, डब्याचे पैसे भाड्यातच मिसळणं. जेवण देत असाल तर त्याची रक्कम वेगळी ठरवा आणि वेगळी घ्या, कारण ३० टक्के वजावट भाड्यावर आहे, पोळीभाजीवर नाही. तिसरी, "कर शून्य येतो, मग रिटर्न कशाला?" मावशीचं पेन्शन, व्याज आणि भाडं मिळून बारा लाखांच्या खूप आत आहे, म्हणून २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत सवलतीमुळे तिचा कर शून्य होतो. पण एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने रिटर्न भरावंच लागतं.

भाडं लपवण्याचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या: नोकरी करणारा भाडेकरू घरभाडे भत्त्याची सूट मागतो, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की तो ऑफिसात तुमचा पॅन देतो.

कर्ज असेल तर खोलीच्या वाट्याचं व्याज भाड्यातून वजा करता येतं. स्वतः राहता त्या भागाच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. हा वाटा कसा काढायचा, तेवढाच प्रश्न सीएला विचारा, बाकीचा हिशोब घरी जमतो.

९. अकरावा महिना

नवव्या महिन्याच्या शेवटी भाडेकरूला विचारा: राहणार की जाणार? राहणार असेल तर नवा करार, नवी नोंदणी, पोलिसांना पुन्हा माहिती. जुना करार "चालू ठेवता" येत नाही; मुदत संपली की तो कागद संपला. वाढीव भाडं नुसतं व्हॉट्सॲपवर ठरवून पुढे चालू ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

मुदत संपूनही कुणी खोली सोडत नसेल तर वीज-पाणी तोडू नका आणि कुलूप बदलू नका, त्याने तक्रार तुमच्यावर होते. लेखी नोटीस द्या आणि नोंदलेला करार घेऊन वकिलांकडे जा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्जाची सोय आहे, आणि न सोडलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं.

जाणार असेल तर सातव्या टप्प्यातला सही केलेला कागद काढा, खोलीत पुन्हा मधोमध उभे राहा आणि तीच यादी वाचा. मावशीच्या पहिल्या मुलीने जाताना गीझरचं बटण तुटल्याचं स्वतःच दाखवलं. इलेक्ट्रिशियनच्या पावतीचे १८० रुपये आणि शेवटच्या रीडिंगचे ४१० वजा करून २९,४१० रुपये त्याच दुपारी तिच्या खात्यात गेले.